वाळूज का शेंद्रा? अनोळखी हॉलमधली एक संध्याकाळ

माझा भाचा वाळूजला पत्र्याचं काम करतो. इलेक्ट्रिक पॅनेलचे रिकामे बॉक्स, मशीनची कव्हरं, हवेचे डक्ट. एक बेंडिंग मशीन, एक जुनं शिअरिंग, वेल्डिंगची दोन माणसं. पावडर कोटिंग बाहेरून करून घेतो. काम नीटनेटकं आहे, पण गिऱ्हाइकं दोनच, आणि त्यातल्या एकानं पेमेंट नव्वद दिवसांवर नेऊन ठेवलेलं. म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो, की शहरातल्या लघुउद्योजकांच्या मासिक बैठकीला ये एकदा. मी स्वतः पंचवीसेक वर्षं मशीन टूल्सच्या विक्रीत काढली, असल्या बैठकांचा चहा भरपूर प्यायलोय.

ही त्या संध्याकाळची हकीकत आहे. ऑगस्टअखेर, छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका हॉटेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. निमंत्रणावर साडेसहा, व्याख्यान साडेसातला, मग जेवण. भाचा पोचला सहा पंचावन्नला. तोवर साठ-सत्तर माणसं जमली होती.

त्याच्या पंचवीस मिनिटांच्या उशिराची किंमत आधी सांगतो. सव्वासहाला हॉलमध्ये आठ-दहा माणसं असतात, सगळी एकेकटी, सगळी दाराकडे बघत. त्या वेळी आत शिरणाऱ्याला कुणाकडे जायचं हा प्रश्नच पडत नाही, उलट लोकच त्याच्याकडे येतात. सातपर्यंत त्या एकेकट्यांची जोडी जमलेली असते, जोड्यांचे घोळके झालेले असतात, आणि नवीन माणसाला आता बसलेल्या पंगतीत पाट मागायचा असतो. आपल्याकडे कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही म्हणून लोक उशिरा येतात. व्याख्यानापुरतं ते खपून जातं. ओळखी करायला आलेल्याला ते महाग पडतं, कारण त्याचं काम व्याख्यानाच्या आधीच्या तासातच असतं.

मी खिडकीजवळ दोन जुन्या मित्रांशी बोलत होतो. तिथून दार, नावनोंदणीचं टेबल आणि अर्धा हॉल दिसत होता. भाच्यानं सही केली, नावाचं कार्ड घेतलं, शर्टाच्या डाव्या खिशावर लावलं. डावीकडे लावू नये. हात मिळवताना उजवा खांदा पुढे येतो आणि समोरच्याची नजर आपसूक तिकडे जाते, त्यामुळे कार्ड उजवीकडे असलं की नाव वाचायला मान वाकडी करावी लागत नाही. बारीक गोष्ट आहे, पण ज्याला आपलं नाव नीट ऐकू गेलं नाही त्याला ती उपयोगी पडते.

दारातून आत येताच त्यानं पहिली चूक केली. आत शिरला तसा चालतच राहिला. बघायला थांबला नाही. आणि चालता चालता तो माणसांची कार्डं वाचत होता. त्यात त्याला एका मोठ्या पॅनेल बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं. आमच्या भाच्याला पाहिजे होतं ते हेच. तो सरळ तिकडे निघाला.

ते पाच जण होते. गोल करून उभे, खांद्याला खांदा, पाचही जणांचे बूट वर्तुळाच्या आत वळलेले. एक जण हातवारे करून काहीतरी किस्सा सांगत होता, बाकीचे हसायच्या तयारीत. भाचा दोघांच्या पाठीमागून आला आणि दोन खांद्यांच्या फटीतून म्हणाला, "एक्सक्यूज मी सर, मी वाळूजहून, माझं फॅब्रिकेशनचं आहे, शीट मेटल..."

किस्सा तुटला. पाच माना वळल्या. हसू यायचं होतं ते कुणालाच आलं नाही. भाच्यानं घाईघाईनं खिशातून पाच व्हिजिटिंग कार्डं काढली आणि पत्ते वाटावेत तशी वाटली. "बरं बरं," एक जण म्हणाला, "कळवू." कार्डं न वाचताच खिशात गेली. दोन सेकंद सगळे गप्प, मग किस्सा सांगणारा म्हणाला, "हां, तर मग तो काय म्हणतो..." आणि खांदे पुन्हा मिटले. भाचा त्या मिटलेल्या खांद्यांच्या बाहेर, हातात उरलेली कार्डं घेऊन. सगळा प्रकार एका मिनिटाच्या आतला.

दुसरा प्रयत्न पाच मिनिटांनी. खाण्याच्या टेबलाजवळ एक साठीचे गृहस्थ एकटे उभे होते. एकटा माणूस गाठणं हे तसं बरोबरच. पण ते दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होते, हातातला फोन उलटसुलट करत होते, म्हणजे कुणाची तरी वाट बघत होते. भाचा समोर जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "नमस्कार सर, तुम्ही काय करता?"

इंग्रजीत हा प्रश्न पहिल्याच वाक्यात खपतो. मराठीत, साठीच्या अनोळखी माणसाला, तिशीच्या पोरानं "तुम्ही काय करता?" विचारलं की ते स्थळ बघायला आल्यासारखं वाटतं. फक्त वयं उलटी झालेली. गृहस्थ म्हणाले, "मी? मी रिटायर झालोय." पुढे बोलायला भाच्याकडे काहीच नव्हतं. तेवढ्यात ज्यांची वाट होती ते आले.

मग त्यानं जे सगळे करतात ते केलं. भिंतीला टेकून मोबाइल काढला. मी हातातला कप ठेवला आणि त्याला घेऊन बाहेर जिन्यापाशी आलो.

"मामा, सगळे आपसात बोलायलेत," तो म्हणाला. "एकमेकांना ओळखतात सगळे. मी मध्ये कसं घुसू?"

सगळे ओळखतात हे खरं नव्हतं, पण तसं दिसतं हे खरं. यावर एक मोजून केलेलं काम आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या पॉल इन्ग्राम आणि मायकेल मॉरिस या दोन प्राध्यापकांनी सुमारे शंभर व्यावसायिकांचा असाच एक मेळावा भरवला आणि प्रत्येकाला इलेक्ट्रॉनिक टॅग लावून कोण कुणाशी किती वेळ बोलतंय हे नोंदलं. 2007 साली ते प्रसिद्ध झालं. नवीन ओळखी करायला आलोय असं बहुतेक सगळ्यांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात, ओळखीची माणसं हॉलमध्ये साधारण एक-तृतीयांश असूनही लोकांचा जवळपास निम्मा वेळ त्यांच्याशीच गेला. म्हणजे भाच्याला जे घट्ट घोळके दिसत होते त्यातले बरेचसे मैत्रीपेक्षा सोयीचे होते. ओळखीच्या माणसाजवळ उभं राहिलं की भिंतीला टेकावं लागत नाही, एवढंच. मीही खिडकीजवळ तेच करत होतो, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, हे त्याचे उपकार.

हे मी त्याला जिन्यावर सांगितलं नाही. तिथं मी एवढंच म्हणालो, की कार्डं वाचणं बंद कर, बूट बघ.

आम्ही दाराच्या आत, एका बाजूला, जाण्यायेण्याचा रस्ता सोडून तीन मिनिटं नुसते उभे राहिलो. खरं तर हे त्यानं सहा पंचावन्नलाच करायला हवं होतं. दारात थबकू नये, मागच्यांना अडथळा होतो आणि आपण हरवल्यासारखे दिसतो. दारातून चार पावलं आत, बाजूला, पाठ भिंतीकडे पण भिंतीला न टेकता. हातात चहा असला तर उत्तम, म्हणजे उभं राहायला कारण मिळतं.

बूट का, तर माणूस चेहऱ्यानं सभ्यपणे खोटं बोलतो, पायानं तेवढं जमत नाही. उभ्यानं बोलणाऱ्या माणसांच्या रचनेचा अभ्यास अ‍ॅडम केंडन यांनी केला. त्यांचं म्हणणं साधं आहे. बोलणारी माणसं आपल्यामध्ये एक रिकामी जागा धरून उभी असतात, आणि ती जागा सगळ्यांची सामाईक असते. प्रत्येकाचं कमरेखालचं अंग त्या जागेकडे वळलेलं असतं. मान इकडेतिकडे फिरते, कंबर आणि पाय तिथंच राहतात. बाहेरच्याला आत यायचं तर ती मधली जागा त्याच्यासाठी सरकावी लागते. कुठे सरकेल आणि कुठे नाही, हे लांबूनच बऱ्यापैकी कळतं.

आमच्या नजरेच्या टप्प्यात चार घोळके होते. पाच जणांचा तो मघाचा गोल, अजून तसाच. त्याकडे भाच्यानं बघायचंही टाळलं. त्याच्या डावीकडे दोघं अगदी समोरासमोर, नाकासमोर नाक म्हणावं असे, एकाच्या हातात फोन आणि दुसरा त्यात वाकून काहीतरी बघतोय. समोरासमोरची जोडी म्हणजे बंद दार. त्यांचं काहीतरी खासगी किंवा पैशाचं चाललेलं असतं, आणि तिसरा आला की ते बोलणं थांबवतात, माणसाला घेत नाहीत. मधोमध एक वयस्कर उद्योजक, भोवती सहा-सात जण अर्धवर्तुळात. मी याला दरबार म्हणतो. दरबारात जाऊन उभं राहायला परवानगी लागत नाही, कडेला जागा कायम असते. पण तिथं बोलायला मिळत नाही, आणि दरबारातली माणसं एकमेकांशी नाही, फक्त मधल्याशी बोलतात. दहा मिनिटं उभं राहून मुंडी हलवून परत यायचं.

चौथे दोघं चहाच्या काउंटरजवळच्या उंच टेबलाशी होते. दोघांचे बूट एकमेकांकडे नव्हते. काटकोनात होते, दोघांचाही एकेक पाय हॉलकडे. टेबलाची हॉलकडची बाजू मोकळी. बोलत होते, पण मध्ये मध्ये थांबत होते आणि थांबले की दोघांचीही नजर बाहेर फिरत होती. कप रिकामे.

"ते दोघं," मी म्हणालो.

"त्यांचा आपल्याशी काय संबंध? कंपनी कोणती ते दिसतच नाहीये."

हाच खरा अडसर होता, आणि माझ्या अनुभवात नव्या माणसाचा बहुतेक वेळा हाच असतो. तो घोळका निवडत नाही, गिऱ्हाईक निवडतो. पाहिजे तो माणूस बंद गोलात उभा असला तर त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता त्या गोलातून नसतो. गोल कधीतरी फुटतो, तो माणूस चहाला येतो, रांगेत उभा राहतो, तेव्हा असतो. तोवर जिथं जागा आहे तिथं उभं राहायचं. तिथल्या माणसाला तो माहीत असायची शक्यता आपल्या गावात चांगलीच असते.

इथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण बूट बघायचं हे सूत्र डोळे मिटून वापरलं तर फसवतं. हॉलमध्ये आवाज वाढला की अनोळखी माणसंही ऐकू येण्यासाठी जवळ सरकून समोरासमोर होतात. एसीच्या झोतापासून लांब पळालेला घोळका विनाकारण दाट दिसतो. आपल्याकडचे पुरुष बोलताना खांद्यावर हात टाकतात, हात हातात धरून ठेवतात, त्यावरून ती जिवाभावाची चर्चा समजू नये. अशा वेळी पायापेक्षा नजर जास्त खरं सांगते. दोघांपैकी एकाची नजर दर थोड्या वेळानं बाहेर येत असेल तर दार उघडं आहे.

आता पहिलं वाक्य. भाच्याकडे तयार वाक्य होतं, इंटरनेटवरून पाठ केलेलं, कंपनी काय करते ते तीस सेकंदांत सांगणारं. ते पाचजणांच्या गोलात अर्धं वाया गेलंच होतं. मी म्हणालो, ते विचारलं तर सांग. पहिल्या वाक्यात फक्त उभं राहायला जागा माग.

याचं कारण असं. आलेल्या माणसाला बघून घोळक्याच्या मनात पहिला प्रश्न असतो, हा काय मागणार? धंद्याचं वाक्य आलं की उत्तर मिळतं, काम मागणार. मग सगळे सावध. जागा मागितली तर उत्तर इतकं स्वस्त असतं की ते आपसूक दिलं जातं. "नमस्कार. इथं जरा कप ठेवतो, चालेल ना?" एवढं पुरे. उंच टेबल असलं की हे वाक्य देवानं दिल्यासारखं असतं. टेबल नसलं तर "नमस्कार, जरा इथंच थांबतो तुमच्यासोबत." वाक्याच्या शेवटी आवाज खाली यावा, वर जाऊ नये. "मी डिस्टर्ब तर करत नाही ना?" असं मात्र कधीच नाही. ते ऐकणाऱ्याला आधी आपली समजूत घालावी लागते, आणि अनोळखी माणसाची समजूत घालायला कुणालाच आवडत नाही.

नमस्काराबद्दल दोन शब्द, कारण मराठवाड्यात ते बिनमहत्त्वाचं नाही. आपल्याकडे अभिवादन ही अर्धी ओळखच असते. राम राम, जय हरी, जय भीम, जय शिवराय, सलाम, प्रत्येक शब्दामागे एक घर असतं. समोरच्यानं आधी जे म्हटलं त्याला त्याच शब्दात उत्तर द्यावं, हा मला तरी साधा शिष्टाचार वाटतो. पण पहिला शब्द आपला असेल आणि माणूस पूर्ण अनोळखी असेल, तर 'नमस्कार' कुणाच्याच घरात नाही आणि सगळ्यांच्या अंगणात आहे. पुढे एक क्षण थांबायचं. उत्तर मराठीत आलं तर मराठी, हिंदीत आलं तर हिंदी. आपल्या शहरात दोन्ही सारखंच येतं. बाई असतील तर हात पुढे करायचा नाही, जोडायचा, त्यांनी पुढे केला तर मिळवायचा. आणि पहिल्या वाक्यात दादा, भाऊ, काका यातलं काही नको. काका म्हटलेला पन्नाशीचा कारखानदार कसा बघतो ते मी बघितलंय. फार तर 'सर'.

दुसरं वाक्य मात्र ठरवून ठेवावं लागतं, कारण जागा मिळाली की लगेच शांतता होते. आपल्याकडचं हुकमी वाक्य म्हणजे "गाव कोणतं?" मराठवाड्यात याच्याइतका पटकन धागा दुसरा कशानं सापडत नाही. गाव निघालं की तालुका निघतो, तालुका निघाला की कुणीतरी पाहुणा निघतोच. तरी मी ते अनोळखी माणसाला दुसऱ्याच वाक्यात विचारू देत नाही. गावामागून आडनाव येतं, आणि दोन्ही एकत्र विचारलं की समोरच्याला कळतं आपण नक्की काय चाचपतोय. काहींना चालतं, काहींच्या चेहऱ्यावर पडदा पडतो, आणि तो पुन्हा वर जात नाही. पाऊस चांगला, विशेषतः ऑगस्टात. "तुमच्याकडं पाऊस कसाय?" यात गावही येतं आणि कुणी चाचपल्यासारखं वाटत नाही. पण हॉल कारखानदारांचा असेल तर माझं आवडतं वाक्य वेगळं आहे: "वाळूज का शेंद्रा?"

शहराच्या पश्चिमेला वाळूज, पूर्वेला जालन्याच्या वाटेवर शेंद्रा, मध्ये जुनं चिकलठाणा. इथला कारखानदार यातला कुठला तरी असतोच. प्रश्नाला दोन शब्दांचं उत्तर आहे, ते कुणालाही देता येतं, आणि कुठलंही उत्तर आलं तरी पुढे बोलायला काहीतरी असतं. "तुम्ही काय करता?" हाच प्रश्न, पण अंगावर न जाता विचारलेला.

सात वाजून वीस मिनिटं झाली होती. भाच्यानं चहा घेतला. मी त्याला सांगितलं, टेबलाच्या मोकळ्या बाजूनं जा, दोघांनाही येताना दिसशील असा. सहा-सात फुटांवर पावलं सावकाश कर. बोलणाऱ्याकडे बघू नको, ऐकणाऱ्याकडे बघ, कारण त्याची नजर मोकळी असते. त्यानं बघितलं की मान हलव. बोलणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत तोंड उघडू नको. दोघांपैकी एकाचाही पाय किंवा खांदा तुझ्याकडे वळला तर कप ठेव. दहा-पंधरा सेकंदांत काहीच हललं नाही तर "चालू द्या" म्हणून काउंटरकडे जा, साखर घ्यायला. साखर घ्यायला गेलेल्या माणसाचा कुणी अपमान केलेला नसतो.

मी अंतरावर राहिलो, पण आवाज येईल इतका. तो गेला, थांबला, जरा जास्तच लांब थांबला, मग पाऊलभर पुढे सरकला. ऐकणारा उंच, चष्मेवाला होता. त्यानं बघितलं. भाच्यानं मान हलवली. बोलणाऱ्याचं वाक्य विजेच्या बिलावर होतं, ते संपलं. आणि चष्मेवाल्याचा उजवा बूट, मी बघत होतो म्हणून मला दिसला, वीतभर बाहेर वळला.

"नमस्कार," भाचा म्हणाला. "इथं कप ठेवतो जरा, चालेल ना?"

"ठेवा की."

कप ठेवला. शांतता. मला वाटलं आता पाठ केलेलं वाक्य येतंय. पण तो म्हणाला, "वाळूज का शेंद्रा?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसले. "दोन्ही नाही," चष्मेवाले म्हणाले. "आम्ही जालन्याचे."

वाक्य चुकलं होतं, आणि चुकलं म्हणूनच जास्त चाललं. बरोबर ओळखलं असतं तर ते नुसतं "शेंद्रा" म्हणाले असते. चुकल्यामुळे त्यांना दुरुस्त करायला मिळालं, आणि दुसऱ्याला दुरुस्त करताना माणूस खुलतो. भाच्याला इथं सुचलं ते मी शिकवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "जालना म्हणजे स्टील नाहीतर बियाणं." जालन्याच्या सळया आणि बियाणं दोन्ही सगळ्यांना माहीत आहे, त्यात हुशारी काही नाही, पण ते त्यांच्या गावाबद्दलचं वाक्य होतं, स्वतःबद्दलचं नव्हतं.

"ह्यांचं स्टीलचं," चष्मेवाले शेजाऱ्याकडे बोट करून म्हणाले. "माझं बियाण्याचं. प्रोसेसिंग." मग तेच म्हणाले, "आणि तुम्ही?"

हा प्रश्न त्यांच्याकडून आला, ही त्या संध्याकाळची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आता तेच तीस सेकंदांचं वाक्य चाललं असतं. पण भाच्यानं ते कापून एवढंच ठेवलं: "वाळूजला पत्र्याचं काम करतो. पॅनेलचे बॉक्स, मशीनची कव्हरं." नाव शेवटी सांगितलं. मला ते शेवटी सांगितलेलंच बरं वाटतं. सुरुवातीला सांगितलेलं नाव आवाजात हरवतं, आणि ऐकणाऱ्याला ते धरून ठेवायला अजून काही कारणही नसतं.

"पत्र्याचं म्हणजे हॉपर करता का?" चष्मेवाल्यांनी विचारलं. त्यांच्या ग्रेडिंग मशीनवरचं हॉपर, म्हणजे वरून बियाणं ओततात ते नसराळ्यासारखं मोठं भांडं, जोडाच्या शिवणीपाशी झिजून फाटलं होतं आणि बारीक दाणा गळत होता. मूळ कंपनीवाले पूर्ण सुटा भाग विकत होते, दुरुस्ती करत नव्हते.

इथं भाच्याचा पाय घसरला. कामाचं नाव निघताच तो सुटला. बेंडिंग मशीन किती टनाचं, किती जाडीपर्यंत पत्रा वाकतो, कोटिंग कुठून करून घेतो. स्टीलवाल्यांची नजर हॉलमध्ये फिरायला लागली, त्यांचा बूट बाहेर वळला. भाचा चष्मेवाल्यांकडेच बघून बोलत होता, त्यामुळे त्याला ते दिसलं नाही. दोघांच्या घोळक्यात शिरलेला तिसरा माणूस बहुतेक वेळा हीच चूक करतो. कामाचा एक सापडला की दुसऱ्याला पाठ दाखवतो. मग दुसरा जातो, आणि पुष्कळदा पहिलाही त्याच्यासोबत जातो, कारण ते दोघं एकाच गाडीतून आलेले असतात. या वेळी व्याख्यानाची घोषणा झाली आणि वाचला.

कार्ड चष्मेवाल्यांनीच मागितलं. भाच्यानं एकच काढलं, मग आठवण होऊन दुसरंही काढलं, स्टीलवाल्यांना दिलं. त्यांनी ते वाचलं. पहिल्या पाच कार्डांपैकी एकही कुणी वाचलं नव्हतं.

जेवणाच्या रांगेत तो पाचजणांच्या गोलातला पॅनेलवाला भाच्याच्या पुढे दोन माणसं सोडून उभा होता. रांगेत बूट बघायची गरज नसते, सगळ्यांचे एकाच दिशेला असतात, आणि शेजारी उभ्या माणसाशी बोलायला कुठलीच परवानगी लागत नाही. समोरासमोर नसल्यामुळे गप्प झालं तरी अवघडत नाही. मी भाच्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्यानं मान हलवून नकार दिला. मघाशी त्याच माणसाचा किस्सा तोडला होता, आता पुन्हा नको, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला वाटतं तो चुकला. पॅनेलवाल्याला तो प्रसंग आठवतही नसणार. घोळक्याला तोडलेल्या किस्स्याचं जेवढं वाटतं त्याच्या दसपट तोडणाऱ्याला वाटतं. पण त्या क्षणी हे पटवून द्यायला रांगेत वेळ नव्हता, आणि पनीरही संपत आलं होतं.

पुढच्या आठवड्यात भाचा जालन्याला जाऊन हॉपरची मापं घेऊन आला. दोन हॉपर झाले. आतून झिजणाऱ्या बाजूला जाड पत्रा लावून दिला, पैसे पंधरा दिवसांत आले. काम लहान होतं, त्यावर वर्कशॉप चालत नाही. पॅनेलवाल्या कंपनीत अजून शिरकाव नाही. स्टीलवाल्यांचा मात्र एक फोन आला होता, त्यांच्या मेव्हण्याचं चिकलठाण्याला पॅनेलचं छोटं युनिट आहे म्हणून. अजून भेट व्हायची आहे.

त्यानंतरच्या बैठकीला मला जाता आलं नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कमरेखालचा, चोरून काढलेला, चॉकलेटी बुटांचे दोन जोड. खाली लिहिलं होतं, "मामा, हे उघडं का बंद?"